असोसिएशनचे सभासद व्हायचंय? चेक फाडण्याआधी हे विचारून घ्या

कर्जत / खालापूर : कारखाना लहान असो की मोठा, कधी ना कधी कोणीतरी सांगतंच, ‘अरे, असोसिएशनचा मेंबर हो, कामं होतील.’ कोणती कामं होतील, किती पैसे लागतील, फॉर्म कुठे मिळेल, हे मात्र सांगणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. मग कोणी ऐकीव माहितीवर पैसे भरतो आणि वर्षभराने ‘काहीच फायदा नाही’ म्हणून सोडून देतो. दुसरा कोणी ‘ते मोठ्या कंपन्यांचं काम’ म्हणून फोनच करत नाही. दोघांनीही सुरुवातीला विचारायचे प्रश्न विचारलेले नसतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, नेरळ-कळंब रस्त्याला एका भावाचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. दोन वेल्डिंग मशीन, एक पत्रा वाकवायचं मशीन, तीन कामगार आणि तो स्वतः. पाताळगंगा एमआयडीसीतल्या एका कंपनीला तो पत्र्याचे ट्रे आणि मशीनचे गार्ड बनवून देतो. वर्षाची उलाढाल ३२ लाखांच्या आसपास. त्याला दोन त्रास आहेत. पावसाळ्यात लाईट गेली की दिवस फुकट जातो. आणि कंपनीकडे १ लाख ८५ हजारांचं बिल ८० दिवसांपासून अडकलंय. माल उतरवायला गेला तेव्हा गेटवर एका टेम्पोवाल्याने त्याला असोसिएशनचं नाव सांगितलं. ‘मेंबर झालास की पैसे सुटतील,’ असंही सांगितलं.

या वाक्यावर विश्वास ठेवून पैसे भरले तर पुढे पस्तावायची वेळ येऊ शकते. का, ते समजण्यासाठी आधी असोसिएशन म्हणजे नेमकं काय ते पाहावं लागेल.

कोणती असोसिएशन?

आपल्या भागातल्या उद्योजकासमोर साधारण तीन प्रकारच्या संस्था असतात. पहिली, एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या किंवा पट्ट्यातल्या कारखान्यांची. खालापूरच्या बाजूला पाताळगंगा-रसायनी पट्ट्यातल्या उद्योगांची असोसिएशन ही या प्रकारातली. दुसरी, फक्त लघुउद्योगांची, जशी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये असलेली ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन किंवा देशभर शाखा असलेली लघु उद्योग भारती. तिसरी, अख्ख्या राज्याची चेंबर. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९२७ साली सुरू केलेली महाराष्ट्र चेंबर ही त्यातली सगळ्यात जुनी आणि माहितीतली.

तिन्हींचं काम वेगळं आहे. पट्ट्याची संघटना रस्ता, पाणी, वीज, सांडपाणी, कामगारांची ने-आण असल्या रोजच्या गोष्टींत असते. लघुउद्योगांची संघटना उधारी, कर, बँक, सरकारी योजना यांत जास्त बोलते. राज्याची चेंबर धोरणावर बोलते, प्रदर्शनं भरवते, परदेशी व्यापाराची कागदपत्रं करून देते. परदेशात माल पाठवणाऱ्याला ‘माल भारतात बनला आहे’ असा उगमाचा दाखला लागतो. तो देण्याचा अधिकार केंद्र सरकारने ठराविक संस्थांनाच दिलेला आहे. ज्याला एक्स्पोर्ट करायचं आहे त्याने पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुमची संस्था त्या सरकारी यादीत आहे का. नेरळच्या भावाला याची गरज नाही, त्यामुळे त्याने यासाठी पैसे मोजण्यातही अर्थ नाही.

अंतराचाही विचार करावा, आणि तो नकाशावरून करू नये. नेरळ रायगड जिल्ह्यात असलं तरी तिथून ठाण्याला लोकल सरळ जाते. अलिबागला जायचं तर गाडीत निम्मा दिवस मोडतो. खालापूर-चौकवाल्याला रसायनी-मोहोपाडा जवळ. बैठकीला जाता आलं नाही, तर सभासदत्वाचा अर्धा उपयोग तिथेच संपतो. म्हणून बैठक कुठे होते, कोणत्या वारी, किती वाजता, हे विचारायला लाजू नये.

आधी विचारा : मी बसतो का?

प्रत्येक नोंदणीकृत संस्थेची एक घटना असते, म्हणजे नियमावली. सभासद कोणाला करून घ्यायचं ते त्यात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ‘औद्योगिक वसाहतीत भूखंड असलेला कारखाना’ अशी अट असू शकते. नेरळ-कळंब रस्त्यावरचं शेड वसाहतीत नाही. मग अशा संस्थेत तो सर्वसाधारण सभासद होईल की फक्त सहयोगी, हे पैसे भरण्याआधीच कळायला हवं.

हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण महत्त्वाचा आहे. बऱ्याच संस्थांमध्ये सहयोगी सभासदाला मत नसतं आणि निवडणूक लढवता येत नाही. त्याला पत्रकं येतात, कार्यक्रमाचं बोलावणं येतं, पण वार्षिक सभेत ठरावाला हात वर करता येत नाही. कमी फी आहे म्हणून सहयोगी होणं वाईट नाही. फक्त ते माहीत असून व्हावं.

उधारीचा प्रश्न, आणि एक अवघड गोष्ट

आता त्या १ लाख ८५ हजारांकडे येऊ. पट्ट्याच्या असोसिएशनमध्ये मोठ्या कंपन्याही सभासद असतात. ज्या कंपनीने भावाचे पैसे अडकवले आहेत, तीच कंपनी त्या संघटनेची जुनी सभासद असू शकते. कदाचित तिचाच माणूस कार्यकारिणीवर बसत असेल. अशा वेळी संघटना नव्या, लहान सभासदासाठी जुन्या, मोठ्या सभासदाला नोटीस काढेल का?

हा प्रश्न सरळ विचारायला हवा, पण कंपनीचं नाव न घेता : ‘दोन सभासदांमध्ये पैशावरून वाद झाला तर संस्था काय करते?’ उत्तर काहीही असलं तरी ते उपयोगाचंच. काही ठिकाणी सचिव फोन करून दोघांना समोरासमोर बसवतात आणि खरोखर मार्ग निघतो. काही ठिकाणी ‘सभासदांच्या आपसातल्या व्यवहारात आम्ही पडत नाही’ असं स्वच्छ सांगतात. दुसरं उत्तर मिळालं तर ती संस्था वाईट ठरत नाही. फक्त उधारीसाठी तिथे फी भरायची नाही, एवढं नक्की होतं.

आणि उधारीसाठी असोसिएशनचं सभासद असणं कायद्याने लागतच नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात तरतूद आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढची असू शकत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ धरून व्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर वर्षाला साडेसोळा टक्के झाले. भावाच्या बिलावर पहिल्याच महिन्याचं व्याज अडीच हजारांच्या वर जातं.

दाद मागायला राज्य सरकारची सुविधा परिषद आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. ‘समाधान’ पोर्टल पुष्कळांना माहीत आहे. २०२५ मध्ये त्याच कामासाठी odr.msme.gov.in हे ऑनलाइन वाद निवारण पोर्टलही सुरू झालं. यासाठी हवी ती उद्यम नोंदणी. ती udyamregistration.gov.in वर आधार आणि ओटीपी वापरून होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. तरी दुकान थाटून पैसे घेणारे सापडतातच, आणि सरकारी वाटावी अशी वेबसाइट काढून बसलेलेही. फोनवर पैसे भरायचं पान उघडलं की समजावं, आपण चुकीच्या जागी आलोय. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असलेली बरी. नंतर नोंदणी करून जुन्या बिलांवर दावा केला तर समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो.

मग असोसिएशन करते काय? कायद्याचा रस्ता माणूस चालत नाही, कारण ऑर्डर जाईल अशी भीती असते. ही भीती खोटी नाही. एकट्याने परिषदेत गेलं की कंपनी पुढची ऑर्डर दुसऱ्याला देते. संघटनेने नावं न घेता ‘आमच्या दहा सभासदांची ४५ दिवसांच्या पुढची बिलं थकली आहेत’ असं पत्र काढलं, तर कोणा एकाच्या अंगावर येत नाही. हे काम एकट्याला जमण्यासारखं नाही. म्हणून विचारावं, असं पत्र गेल्या दोन-तीन वर्षांत कधी काढलंय का, आणि त्याची प्रत बघायला मिळेल का.

लाईटसाठी मात्र संघटना लागते

विजेचं उलट आहे. एकट्या शेडवाल्याने सेक्शन ऑफिसला फोन केला तर ‘फॉल्ट शोधतोय’ एवढंच ऐकायला मिळतं. जिल्ह्यात उद्योगांच्या अडचणींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते. महावितरण, एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा खात्यांचे अधिकारी तिथे समोर बसतात. काम पाहतं ते अलिबागचं जिल्हा उद्योग केंद्र. उद्योजक संघटनांचे प्रतिनिधी तिथे आपापले विषय मांडतात. विषय इतिवृत्तात गेला की पुढच्या बैठकीत ‘काय केलं’ हे खात्याला सांगावं लागतं. एकदा तोंडी तक्रार करणं आणि विषय इतिवृत्तात येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून विचारायचं : आपल्या संघटनेचा प्रतिनिधी या समितीत जातो का? मागच्या बैठकीत कोणते विषय दिले? कर्जत तालुक्यातला, वसाहतीबाहेरचा फीडर असेल तरी विषय घेता का? शेवटचा प्रश्न विसरू नये. पाताळगंगा वसाहतीचा फीडर आणि नेरळ-कळंबचा फीडर एक नाही. संघटनेने वसाहतीची लाईट सुधारून घेतली तरी नेरळच्या शेडमधलं मशीन बंदच राहणार.

फी किती, आणि फीमागची फी

शुल्क संस्थेप्रमाणे आणि उलाढालीप्रमाणे बदलतं, शिवाय सभेत ठराव होऊन वाढतं. त्यामुळे आकडा मित्राकडून न घेता कार्यालयाकडून लेखी घ्यावा. विचारताना तीन गोष्टी सुट्या करून विचाराव्यात : प्रवेश फी किती, वार्षिक वर्गणी किती, आणि त्यावर जीएसटी किती.

समजा, प्रवेश फी २,००० आणि वर्गणी ३,००० सांगितली. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९०० रुपये. पहिल्या वर्षी हातचे ५,९०० जातात आणि पुढच्या वर्षापासून ३,५४०. भाव जीएसटी नोंदणीवाला आहे, कारण कंपनीला माल द्यायचा तर बिल तसं लागतं. त्याने आपला जीएसटी नंबर टाकलेलं बिल घेतलं तर ते ९०० त्याला करात वळते करता येतात. साधी पावती घेतली तर ते गेले. कंपोझिशनमध्ये असलेल्याला मात्र हा लाभ नाही. व्यापार-उद्योगासाठी काम करणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेची वर्गणी माणशी वर्षाला १,००० रुपयांपर्यंत असेल तर तिला जीएसटीतून सूट आहे. त्यामुळे छोट्या तालुका संघटनेने ८०० रुपयांच्या वर्गणीवर कर लावला तर ‘का’ म्हणून विचारता येतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वर्गणीचं वर्ष बहुतेक एप्रिल ते मार्च असतं. जानेवारीत पूर्ण वर्गणी भरली आणि एप्रिलला पुन्हा मागणी आली, की माणूस चिडतो. जानेवारीत अर्ज केला तर वर्गणी महिन्यांप्रमाणे घेता, की पुढच्या वर्षात धरता, हे विचारून घ्यावं. दोन्ही ‘नाही’ म्हटलं तर एप्रिलपर्यंत थांबायला हरकत नाही.

वर्गणीशिवाय निघणारे खर्चही असतात. इमारत निधी, स्मरणिकेतली जाहिरात, वार्षिक मेळाव्याचं तिकीट. यातलं सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय, हे आधी कळलं की नंतर तोंड वाकडं होत नाही.

फोन करून मग लेखी

आधी फोन करावा, दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान. छोट्या संघटनांचं कार्यालय बऱ्याचदा एकच माणूस चालवतो. बोलणं साधारण असं व्हावं :

‘नमस्कार मॅडम, मी नेरळवरून बोलतोय. माझं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. सभासद व्हायचं होतं, त्याची माहिती हवी होती.’

‘एमआयडीसीत आहे का युनिट?’

‘नाही मॅडम, ग्रामपंचायत हद्दीत. उद्यम आहे, जीएसटी आहे. चालेल का?’

‘सहयोगीमध्ये घेता येईल. फॉर्म पाठवते व्हॉट्सॲपवर.’

‘फॉर्मबरोबर फीचा तक्ता आणि सभासदाबद्दलचे नियम पण पाठवाल का? मी प्रश्न लिहून पाठवतो, सवडीने उत्तर द्या.’

त्यानंतर ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर असा मजकूर टाकता येईल. ज्याला हवा त्याने तसाच उचलावा, फक्त आपला तपशील घालावा :

‘माननीय सचिव, माझे नेरळ (ता. कर्जत) येथे पत्रा फॅब्रिकेशनचे सूक्ष्म युनिट आहे. ३ कामगार, उलाढाल सुमारे ३२ लाख. सभासदत्वासाठी पुढील माहिती मिळावी. माझे युनिट कोणत्या वर्गात बसते व त्या वर्गाला मताधिकार आहे का? प्रवेश फी, वार्षिक वर्गणी व जीएसटी किती? वर्गणीचे वर्ष कोणते? वसाहतीबाहेरील युनिटचे वीजविषयक प्रश्न संस्था जिल्हा उद्योग मित्र समितीत मांडते का? थकीत बिलांबाबत संस्था काय करते? संस्थेचा नोंदणी क्रमांक व मागील वर्षाचा अहवाल पाहायला मिळेल का? बैठक कुठे व केव्हा असते?’

नोंदणी क्रमांक मागितला म्हणून कोणी रागावायचं कारण नाही. महाराष्ट्रात अशा संस्था सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास व्यवस्थेखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात, नाहीतर कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असते. क्रमांक द्यायला टाळाटाळ होत असेल आणि वर ‘आजच्या आज भरा, सीट थोड्याच आहेत’ असं ऐकायला मिळत असेल, तर फोन ठेवून द्यावा. सभासदत्वात सीटा नसतात.

अर्ज, सूचक आणि पैसे

फॉर्मला जोडायचे कागद फारसे नसतात. उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, फोटो आणि जागेचा पुरावा. अडतं ते जागेच्या पुराव्यावर. फॉर्ममध्ये ‘एमआयडीसी वाटपपत्र’ असा रकाना दिसला की गावातला माणूस थांबतो. त्याऐवजी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शेडचं वीजबिल किंवा भाडेकरार चालेल का, ते विचारावं. उद्यमवरचा पत्ता आणि वीजबिलावरचा पत्ता वेगळा असेल तर आधी उद्यममध्ये दुरुस्ती करावी. तीही फुकट होते.

पुष्कळ फॉर्मवर ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ म्हणून दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. ओळख नसेल तर कार्यालयालाच विचारावं. आपल्याच धंद्यातल्या सभासदाकडे गेलं तर एका सहीत दोन कामं होतात. शेडवर जाऊन बसावं, चहा घ्यावा आणि विचारावं, ‘दादा, तुम्हाला पाच वर्षांत काय मिळालं?’ माहितीपत्रकात जे छापलेलं नसतं ते इथे कळतं.

पैसे संस्थेच्या नावाच्या बँक खात्यात किंवा तिच्या नावाच्या चेकने भरावेत. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर कोणा व्यक्तीचं नाव आलं तर पुढे जाऊ नये. अर्ज दिला म्हणजे सभासद झालो असंही नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत अर्ज मंजूर होतो आणि मग सभासद क्रमांक मिळतो. बैठक महिन्या-दोन महिन्यांनी असेल तर तेवढा वेळ जातोच. अर्ज नामंजूर झाला तर पैसे परत मिळतात का, हा प्रश्नही आधीच विचारलेला बरा.

नेरळच्या भावाचं उदाहरण इथवर आणलं तर हिशेब असा बसतो. उधारीसाठी त्याने उद्यम क्रमांक टाकून कंपनीच्या अकाउंट्सला आधी एक साधं स्मरणपत्र द्यावं, त्यात ४५ दिवसांचा उल्लेख करावा आणि परिषदेचा रस्ता हातात ठेवावा. यासाठी फी लागत नाही. लाईटचा विषय वसाहतीबाहेरही घेणारी संघटना मिळाली तर तिथे ५,९०० भरायला हरकत नाही, कारण पावसाळ्यात तीन कामगार दोन दिवस बसून राहिले तर मजुरी आणि बुडालेलं काम मिळून तेवढे जातातच. विषय घेत नसतील, तर नेरळ-कळंब रस्त्यावरच्याच सात-आठ शेडवाल्यांनी एकत्र सह्या करून अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्राकडे अर्ज द्यावा. त्याची पोच घ्यायची, तारखेचा शिक्का बघून.